अहो मावशी

सध्या एका कथेचं इंग्रजी भाषांतर करायला घेतलं आहे. तिच्यात एसटीच्या प्रवासाचा एक लहानसा प्रसंग आहे. गाडी खच्चून भरलेली. एक तरुण हातातलं गाठोडं सावरत आत शिरतो आणि बाकावर ऐसपैस बसलेल्या एका बाईला म्हणतो, “ओ मावशी, सरका की जरा तिकडं.” बाई सरकते, तो टेकतो, कथा पुढे जाते. मराठी वाचक या वाक्यापाशी क्षणभरही थांबणार नाही. भाषांतर करणारीला मात्र इथेच गाडीतून उतरावं लागतं.

सरळ शब्दाला शब्द ठेवून ‘आँट’ लिहिलं, तर इंग्रजी वाचकाला वाटेल की या मुलाला गाडीत त्याची सख्खी मावशी भेटली. मग पुढची चार पानं तो तिची वाट पाहत बसेल. ‘मॅम’ लिहिलं तर बाईच्या डोक्यावरचा पदर जातो आणि पोराच्या गळ्यात टाय येतो. इंग्लंडमध्ये अनोळखी बाईला लाडिक हाक मारायची रीत आहे, तिच्याकडेही मी वळून पाहिलं. यॉर्कशरकडे ‘लव्ह’ म्हणतात, नॉटिंगहॅमकडे ‘डक’, न्यूकॅसलला ‘पेट’ आणि ग्लासगोत चक्क ‘हेन’, म्हणजे कोंबडी. यांतला कुठलाही शब्द घेतला तर सूर बरोबर लागतो, पण सांगोल्याला निघालेली एसटी लीड्सला पोहोचते.

मुळात इंग्रजीला रस्त्यावरच्या माणसाला नात्यात घ्यायची फारशी सवय नाही. ती त्याला बढती देते. शॉच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकाच्या सुरुवातीला फुलं विकणारी एलायझा एका अनोळखी गृहस्थाला ‘कॅप्टन’ करून टाकते. लंडनच्या बाजारातला माणूस गिऱ्हाइकाला ‘गव्हर्नर’चं आखूड रूप करून ‘गव्ह’ म्हणतो. आपल्याकडेही ‘साहेब’ आहेत, ‘शेठ’ आहेत, पण ते काही विकायचं असतं तेव्हा. बसायला जागा हवी असेल तर मावशीच लागते.

तेव्हा ‘मावशी’ जशीच्या तशी ठेवायची, हा मार्ग उरतो. अलीकडे भारतातले इंग्रजी प्रकाशक याला तयार असतात. पूर्वी अशा शब्दाला तिरकं टाइप आणि खाली तळटीप लागायची, आता तो बिनधास्त सरळ उभा राहतो. वाचक चारपाच पानांत अंदाज बांधतो आणि पुढे जातो. मीही तेच केलं. पण त्यानं काम अर्धंच झालं, कारण त्या वाक्यातला खरा अवघड शब्द ‘मावशी’ नाहीच. तो ‘सरका’ आहे.

घरच्या मावशीला आपण काय म्हणतो? “अगं मावशी, सरक ना जरा.” बहुतेक मराठी घरांत मावशी ‘अगं’ असते. ती आईची बहीण, आईइतकीच हक्काची, तिच्याशी कसलं अहो-जाहो. एसटीतली मावशी मात्र ‘अहो’ असते, तिला ‘सरका’ म्हणायचं. म्हणजे एकाच वाक्यात हाक त्या बाईला आपल्या घरात ओढून घेते आणि क्रियापद तिला सभ्यपणे उंबऱ्याबाहेर उभं करतं. मराठी कानाला या दोन्ही गोष्टी एकदमच ऐकू येतात, आणि म्हणूनच ही सख्खी मावशी नव्हे हे वेगळं सांगावं लागत नाही. ‘काका’वर ही परीक्षा चालत नाही, कारण बऱ्याच घरांत सख्खा काकाही ‘अहो’च असतो. नातं खरं की उसनं, हे ओळखायला मावशीइतकं चांगलं माप नाही.

हेच क्रियापद बदलून पाहा. “ए मावशी, सरक.” नाम तेच, नातं तेच, आणि गाडीत भांडण लागलं. हाकेतल्या नात्यानं आदर मिळतो ही आपली समजूत इथे उघडी पडते. आदर ‘सरका’मधल्या ‘का’त आहे. मावशीपण त्याला फक्त जागा करून देतं.

इंग्रजीत ही कामगिरी क्रियापदावर टाकता येत नाही. ‘मूव्ह’ हे ‘मूव्ह’च राहतं, मग ते राणीला म्हणा की मांजराला. तिथे आदर वाक्याच्या बांधणीत भरावा लागतो, सुरुवातीला ‘कुड यू’ लावून किंवा शेवटी शेपूट जोडून. माझ्या वाक्यात शिवाय एक ‘की’ आहे. “सरका की” यातला ‘की’ अर्धा विनवणीचा आणि अर्धा कुरकुरीचा. इतकी गर्दी असताना एवढं पसरून का बसलात, हे तो न बोलता बोलतो. अखेर मी लिहिलं: “मूव्ह अप अ बिट, मावशी, वोन्ट यू.” शेवटचं ‘वोन्ट यू’ हे ‘का’चंही काम करतं आणि ‘की’चंही. प्रश्नचिन्ह मुद्दाम दिलं नाही, कारण पोरगा प्रश्न विचारत नाहीये.

या एका वाक्याच्या निमित्तानं मी अनोळखी माणसांना आपण वाटत असलेल्या नात्यांकडे जरा निरखून पाहायला लागले. पहिलीच गोष्ट अशी दिसली की रस्त्यावर मावश्या इतक्या आहेत, पण आत्या एकही नाही. भाजीवाली मावशी असते, दवाखान्यातली आया मावशी असते, शाळेतल्या सेविका मावशी असतात, घरी धुणंभांडी करणारी तर मावशी असतेच. कुणा अनोळखी बाईला ‘ओ आत्या’ म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. अपवाद आहे तो गावाकडे. तिथे गावात जन्मलेली लेक गावातल्या पोरांची आत्या लागते आणि गावात सून म्हणून आलेली काकू किंवा वहिनी. पण ती काही अनोळखी नव्हे. तिचा बाप कोण, घर कुठलं, सगळं गावाला ठाऊक असतं.

आत्या का नाही? कारण आत्याला हक्क आहेत. बारशाला पाळण्यात नाव ठेवायला ती लागते, लग्नात तिचा मान राहून गेला तर रुसवा होतो. शिवाय मराठी मुलुखात अनेक समाजांमध्ये मामाच्या मुलीशी लग्न चालतं. म्हणजे मुलीच्या बाजूनं पाहिलं तर तिची आत्या ही तिची होणारी सासूही असू शकते. इरावती कर्व्यांनी ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ या 1953 सालच्या ग्रंथात महाराष्ट्राचं हे मधलेपण दाखवलं आहे. उत्तरेत असं लग्न निषिद्ध, दक्षिणेत ते पसंतीचं, आणि आपण दोहोंच्या मध्ये. इतक्या हक्कांची बाई कुणी भाजी घेताना अंगावर ओढवून घेत नाही. मावशीचं तसं नाही. तिचं घर वेगळं, कुळ वेगळं, आपल्या वाटणीत तिचा वाटा नाही आणि आपल्या कार्यात तिचा अडून बसण्याचा अधिकार नाही. माय मरो, मावशी उरो. उरते ती नुसती माया. मामाचंही तेच. लग्नात नवरीमुलीच्या पाठीशी उभं राहायचं, भाच्यांना काहीबाही द्यायचं, मागायचं काही नाही. म्हणून शाळेचा शिपाई मामा, आणि पुण्यात चौकातला वाहतूक हवालदारही मामा.

काका आणि काकू वडिलांच्या बाजूचे. ते वडिलांच्या बरोबरीचे, भाऊबंद. शेजारच्या फ्लॅटमधल्या त्या काकू, सोसायटीचे चेअरमन ते काका. हा काही काटेकोर नियम नाही, कल आहे. शाळेच्या रिक्षावाल्या काकांनी तो रोज सकाळी मोडलेला असतो. पण बायकांच्या बाबतीत तो फार क्वचित मोडतो. समोरच्या दाराआड राहते ती काकू, त्याच दाराआड भांडी घासायला येते ती मावशी. वय दोघींचं एक असलं तरी.

इथे कुणी म्हणेल की आईच्या मैत्रिणीलाही आपण मावशीच म्हणतो, ती काय कमी प्रतीची झाली? नाही झाली. पण तिच्या मावशीपणाआधी नाव असतं. ती सुनंदामावशी असते, शोभामावशी असते, आणि बहुधा ‘अगं’ही असते. नावासकट मावशी म्हणजे नातं. बिननावाची मावशी म्हणजे पद. “आज मावशी आल्या नाहीत” या वाक्यातली मावशी आणि “आज पोस्टमन आला नाही” यातला पोस्टमन, दोघांचं व्याकरण एकच. भाषांतर करताना मी आता हीच खूण आधी शोधते. हाकेला नाव जोडलेलं आहे का, आणि क्रियापद कुठलं आहे.

ही सगळी आपल्याच मातीची गंमत आहे अशी माझी समजूत होती, ती कोरियन मालिकांनी घालवली. कोरियन भाषेतही इंग्रजीसारखी एकच घाऊक ‘आँट’ नाही. आईची बहीण ‘इमो’, वडिलांची बहीण ‘गोमो’. आणि सोलच्या साध्या खानावळीत वाढणाऱ्या प्रौढ बाईला गिऱ्हाईक हाक मारतं ती ‘इमो’ अशी. गोमो अशी कुणी मारत नाही. घरी मूल सांभाळायला येणाऱ्या बाईलाही आदराचा प्रत्यय लावून ‘इमोनिम’ म्हणतात, आपल्या मावशीबाईंची सख्खी बहीणच. त्याहून मौज म्हणजे क्रियापदाची. खानावळीतल्या इमोकडे पाणी मागताना ‘जुसेयो’ म्हणतात, म्हणजे ‘द्या’. हाक जवळची आणि क्रियापद अंतराचं, हा आपला एसटीतला बंदोबस्त तिकडेही जसाच्या तसा.

आता हे वाक्य मराठीत कसं येईल? मूळ कोरियन ऐकून कुणी मराठी केलं तर पाच सेकंदांचं काम आहे: “मावशी, जरा पाणी द्या.” एक अक्षर इकडचं तिकडे होत नाही. पण आपल्यापर्यंत या मालिका बहुधा इंग्रजीच्या रस्त्यानं येतात. इंग्रजी उपशीर्षककार ‘इमो’पाशी तसाच अडतो जसे मी मावशीपाशी अडले, आणि पडद्यावर मावणाऱ्या ओळीत ‘एक्सक्यूज मी’ किंवा ‘मॅम’ लिहून मोकळा होतो. त्याला दोष देता येत नाही. वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ती ओळ दोनतीन सेकंदच राहणार असते. मग त्या इंग्रजीवरून मराठी करणारा लिहितो, “मॅडम, पाणी मिळेल का?” दोन भाषांच्या घरात एकच मावशी राहत होती, आणि मधल्या दलालानं तिची मॅडम केली.

अर्थात कोरियन आणि मराठी यांचं सगळंच जुळतं असंही नाही. ‘ओप्पा’ हा शब्द घ्या. मुलीनं थोरल्या भावाला म्हणायचा हा शब्द, म्हणजे आपला दादा. पण कोरियात मुलगी आपल्या प्रियकरालाही ओप्पा म्हणते. 2021 मध्ये गाजलेल्या ‘स्क्विड गेम’ मालिकेत एक बाई एका गुंडाला लाडीगोडीनं ओप्पा म्हणते, तिथे इंग्रजी उपशीर्षकात ‘बेब’ आलं म्हणून कोरियन जाणकारांनी नाकं मुरडली होती. त्याच वर्षी ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशानं ‘ओप्पा’ हा इंग्रजी शब्द म्हणून नोंदवूनही घेतला. आपल्याला तो तसाच ठेवण्यावाचून गत्यंतर नाही, कारण मराठीतला दादा नेमकं उलटं काम करतो. कॉलेजातली मुलगी मागे लागलेल्या मुलाला ‘दादा’ म्हणते ती दार उघडायला नव्हे, कडी घालायला. तिकडे ओप्पा म्हटलं की आशा वाढते, इकडे दादा म्हटलं की मुलगा राखीच्या दिवशी गाव सोडतो.

नात्याची हाक म्हणजे माया, ही समजूत सगळ्यांत जास्त घोटाळा करते ती अमेरिकेतल्या जुन्या पुस्तकांत. 1852 ची हॅरिएट बीचर स्टोची ‘अंकल टॉम्स केबिन’ घ्या. त्यातल्या टॉमला गोऱ्या मालकाचं सगळं घर ‘अंकल टॉम’ म्हणतं. त्याची बायको त्या घरची स्वयंपाकीण, ती ‘आँट क्लोई’. मालकाचा मुलगा जॉर्ज तेरा वर्षांचा आहे. तो टॉमला लिहायला शिकवतो, क्लोईच्या हातचं खातो आणि दोघांना अंकल-आँट म्हणतो. ती दोघं मोठी माणसं मात्र त्या पोराला ‘मास्टर जॉर्ज’ म्हणतात, म्हणजे धाकटे धनी. मराठीत ‘टॉमकाका’ लिहिलं की आपल्या मनात लगेच अंगणात खाट टाकून बसलेला प्रेमळ म्हातारा येतो. बायको टॉमची, म्हणून क्लोई ‘काकू’ होते. पण काकू म्हटलं की ती समोरच्या फ्लॅटमधली झाली, आणि ती तर दुसऱ्याच्या चुलीपाशी मालकीची म्हणून उभी आहे. मराठीत तिची नेमकी हाक ‘मावशी’ आहे, बिननावाच्या पदाची. पण टॉम काका आणि त्याची बायको मावशी, असं केलं तर वाचक वंशावळ मांडायला बसेल.

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या राज्यांत अंकल आणि आँटीचा अर्थ काय होता, हे समजून घेतल्याशिवाय हा गुंता सुटत नाही. काळ्या माणसाला मिस्टर आणि काळ्या बाईला मिसेस म्हणायचं नाही, हा तिथला अलिखित कायदा होता. तरुण असेल तर ‘बॉय’ किंवा नुसतं पाळण्यातलं नाव, आणि केस पिकल्यावर ‘अंकल’. वयाचा थोडासा मान ठेवायचा आणि बरोबरीचा मान नाकारायचा, यासाठी ते नातं वापरलं जाई. गुलामी कायद्यानं संपल्यावरही ही रीत शंभर वर्षं टिकली. पुढे तिचीच पाकिटं झाली. पॅनकेकच्या पिठावर हसऱ्या चेहऱ्याची ‘आँट जेमायमा’ आणि तांदळावर ‘अंकल बेन’, हे दोन्ही छाप 2020 नंतरच बदलले.

या रीतीविरुद्धचा एक खटला मला नेहमी आठवतो. 1963 साली अलाबामातल्या न्यायालयात मेरी हॅमिल्टन नावाची नागरी हक्क चळवळीतली कार्यकर्ती साक्षीला उभी होती. सरकारी वकिलानं तिला ‘मेरी’ म्हणून प्रश्न विचारला. गोऱ्या साक्षीदारांना तो मिस आणि मिसेस लावत होता. तिनं सांगितलं की मला मिस हॅमिल्टन म्हटल्याशिवाय उत्तर देणार नाही. न्यायाधीशानं न्यायालयाचा अवमान म्हणून तिला पाच दिवसांचा तुरुंग आणि 50 डॉलरचा दंड ठोठावला. 1964 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ती शिक्षा रद्द केली. तिनं मागितलं ते नातं नव्हतं. तिनं आडनाव मागितलं होतं.

म्हणून त्या कादंबरीचं भाषांतर माझ्याकडे आलं तर मी ‘अंकल टॉम’ असंच ठेवीन. काका करणार नाही. आणि जॉर्जच्या तोंडी मूळच्या ‘यू’चं ‘तू’ करीन, ‘तुम्ही’ नाही. “अंकल टॉम, तू बस.” तेरा वर्षांच्या पोराच्या तोंडी हा ‘तू’ ऐकला की मराठी वाचकाला सगळं कळेल, प्रस्तावनेची गरज पडणार नाही. उलट टॉमच्या तोंडी “बसा, धाकटे धनी.” इंग्रजीत जे ‘मास्टर’ या एका शब्दात आहे, ते मराठीत क्रियापदांच्या जोडीत पसरून टाकायचं. एसटीतल्या वाक्याला इंग्रजीत नेताना जे हातचं गेलं होतं, ते इकडे व्याजासकट परत मिळतं.

आपल्याकडे असं नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. ‘जोहार मायबाप’ हा आपल्याच गावांतला नमस्कार होता. गावानं महाराला शिवायचंही नाही आणि महारानं गावाला आईबाप म्हणायचं. याहून जवळचं नातं कुठलं असतं? त्या नात्याला नकार देऊन पुढच्या पिढ्यांनी ‘जय भीम’ घेतला, ज्यात कुणी कुणाचा बाप नाही. ‘मायबाप सरकार’ मात्र अर्जांतून अजून गेलेलं नाही.

रोजच्या जगण्यातही वय आणि नातं यांची उलटापालट आपण पाहतोच. पंचावन्न वर्षांची पोळ्या करणारी बाई तिशीतल्या मालकिणीला ‘ताई’ म्हणते. ताई म्हणजे थोरली बहीण, पण इथे थोरली आहे ती पगाराच्या बाजूनं. उलटून तिला मावशी म्हटलं जातं. ऐकणाऱ्याला वाटावं केवढं घरोब्याचं आहे. दोघी एकमेकींना ‘अहो’ म्हणतात, आणि मला विचाराल तर त्या घरातली खरी सभ्यता त्या ‘अहो’त आहे, ताई-मावशीत नव्हे.

देशातल्या देशातही या हाका सीमा ओलांडताना कशा बिघडतात, त्याचं एकच उदाहरण देते. ‘भैया’ हा हिंदी मुलखातला थोरल्या भावाचा शब्द, लखनौत वा दिल्लीत कुणालाही म्हणावा. मुंबईत आल्यावर आपण त्याचं जातीचं नाव केलं. ‘एक भैया आला होता’ या मराठी वाक्यात भाऊ औषधालाही नसतो. मुंबईतला भैया हिंदीत परत नेताना ‘भैया’ लिहिला तर त्यातला हिणकसपणा नाहीसा होतो, आणि लेखकाच्या पात्राचा स्वभावच पुसला जातो. मराठीतली आदराची ‘बाई’ पलीकडच्या हिंदीत कामवाली होते ती अशीच. उलट पंजाबात ‘काका’ म्हणजे लहान मुलगा. राजेश खन्नाला सगळी सिनेसृष्टी काका म्हणायची ती त्या अर्थानं, आणि आपण मराठी माणसं उगाच समजत राहिलो की वडिलकीचा मान आहे.

नात्याशिवायची हाक मराठीत नाही असंही नाही. एक आहे: ‘ओ मिस्टर’. इंग्रजीतला साधासुधा आदराचा शब्द, आणि मराठीत तो भांडणाचा बिगुल. बाकावरून दोन पुरुषांची कुरबुर चालू असते, ‘ओ दादा’, ‘ओ पाव्हणं’ इथपर्यंत काही बिघडलेलं नसतं. कुणी “ओ मिस्टर” म्हटलं की आजूबाजूचे लोक पिशव्या मांडीवर घेतात. नातं काढून घेतल्याची ती जाहीर सूचना असते. हाच मिस्टर घरात शिरला की मात्र ‘माझे मिस्टर’ होऊन जेवायला बसतो. अशी वाक्यं इंग्रजीत नेताना ‘मिस्टर’ ठेवला तर अर्थ उलटा होतो. मी तिथे ‘लुक हिअर’ लिहिते.

माझ्याकडे भाषांतरं तपासायला येतात, तेव्हा नव्या मंडळींना मी एवढंच सांगते की मावशी, दादा, ताई दिसले की कोश उघडू नका. क्रियापद पाहा, हाकेला नाव लावलंय का पाहा, आणि समोरचा उलटून काय म्हणतो ते पाहा. या तीन जागा सांभाळल्या तर ‘मावशी’ मराठीत ठेवली तरी चालते आणि गाळली तरी फार नुकसान होत नाही.

वाचकांना सांगायचं ते वेगळं. आपल्या फोनमध्ये ‘मावशी पोळ्या’, ‘मावशी भांडी’ अशा नोंदी असतील. बहुतेकांच्या असतात. हाक मारताना मावशीच म्हणा, त्यांनाही ती चालते आणि ‘अहो’ आहे तोवर बिघडत नाही. पण त्या नोंदीत नाव आणि आडनाव घाला. आडनाव माहीत नसेल तर उद्या सकाळी विचारून घ्या.